पलटलेला फोटो: दोन्ही बाजूंनी शोधलं की काम संपलं?

रेघोटी: वापरलेल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या एका जाहिरातीतला फोटो रिव्हर्स सर्चला टाकला, काही सापडलं नाही. आडवा पलटून टाकला तर तोच फोटो दुसऱ्याच विक्रेत्याकडे निघाला. माझं मत असं की दोन्ही रूपं शोधली की झालं, बारकावे न्याहाळत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. कुणाला वेगळं वाटतं?

डार्करूम: मला वाटतं. शोधाने तुला दोन प्रती सापडल्या, पण त्यातली मूळ कुठली? आधीच्या तारखेवर जाऊ नकोस. चोरलेली प्रत आधी चढलेली आणि खऱ्या मालकाने नंतर टाकलेली, असंही होतं. सरळ कुठला आणि पलटलेला कुठला, हे फक्त फोटोतली वस्तूच सांगते.

कॅमेरा समोरून पाहिला तर शटरचं बटण आणि पकडीचा फुगवटा आपल्या डाव्या हाताला दिसतो, कारण धरणाऱ्याचा तो उजवा हात. जाहिरातीत तो उजवीकडे असेल तर फोटो पलटलेला. मग लेन्सच्या कडेवरचे आकडे बघ. पलटवणारे कंपनीचं मोठं नाव हमखास धूसर करतात, पण तिथली बारीक अक्षरं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. 18-55 लिहिलं असेल तर 1 आणि 8 वर विसंबू नकोस, ते आरशातही जवळपास तसेच दिसतात. 5 मात्र 2 सारखा वळतो, आणि आकड्यांचा क्रमही उलटा होतो. इंग्रजीत A, H, M, O, T ही अक्षरंही अशीच दगा देतात. E, R, S, N शोधायची.

रेघोटी: पण धूसर केलेलं असेल, फोटो लहान असेल, तर कुठून दिसणार 5?

डार्करूम: तेव्हा नाही दिसणार. तरी शटरचं बटण दिसतं, ते नाव धूसर करून लपत नाही.

घड्याळजी: एवढं कशाला? मागे घड्याळ असलं की झालं. पलटलेल्या घड्याळात अशक्य वेळ दिसते.

डार्करूम: हे अर्धंच खरं आहे. आकडे असतील तर ते उलटे दिसतील, बरोबर. पण नुसते काटे असतील तर पलटलेली वेळही शक्य अशीच वेळ असते. 10:10 पलटली की 1:50, आणि तासकाटाही नेमका तिथेच पडतो जिथे 1:50 ला असायला हवा. काट्यांवरून काही कळत नाही. मनगटी घड्याळ असेल तर चावीची घुंडी बघ, बहुतेक घड्याळांत ती 3 च्या बाजूला असते.

घड्याळजी: बहुतेक म्हणालात ना? डावखुऱ्यांसाठी 9 च्या बाजूला घुंडी असलेली घड्याळंही मिळतात.

डार्करूम: मिळतात. म्हणूनच एका खुणेवर निकाल देऊ नये. तीन वेगवेगळ्या खुणा एकाच बाजूला बोट दाखवत असतील तरच मी बोलतो.

नवखी_क्लिक: माझाही हाच त्रास आहे! सेल्फीत टी-शर्टवरची अक्षरं उलटी येतात. कुठे बंद करायचं?

रेघोटी: हा वेगळा विषय आहे गं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये समोरच्या कॅमेऱ्यासाठी मिररचा पर्याय आहे का बघ.

डार्करूम: वेगळा नाही, उलट महत्त्वाचा आहे. उलटी अक्षरं दिसली की 'फोटो चोरलाय' म्हणणाऱ्यांनी हिचा सेल्फी बघावा. पलटलेला आहे, पण लबाडी शून्य. उलट फसवणंही होतं: काही रुग्णवाहिकांच्या पुढच्या बाजूला नाव मुद्दाम उलटं रंगवतात, पुढच्या गाडीच्या आरशात सरळ वाचता यावं म्हणून. ते नाव फोटोत सरळ दिसलं, तर शंका फोटोवरच घ्यायची.

जुनं_बेलो: कॅमेऱ्याच्या बटणाचा नियम मला मान्य नाही. माझ्याकडे वडिलांचा एक्झाक्टा आहे, शटर डाव्या हाताला. 35 मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यांची ही मालिका 1936 पासूनची. त्याचा सरळ फोटोही तुम्ही पलटलेला ठरवाल.

डार्करूम: एक्झाक्टा असेल तर हो, ठरवीन. म्हणून आधी मॉडेल ओळखायचं, मग त्याच मॉडेलचा खात्रीचा फोटो शेजारी ठेवून बघायचं. रेघोटीच्या डिजिटल कॅमेऱ्याला मात्र तुमचा अपवाद लागू होत नाही.

जुनं_बेलो: आणि मॉडेलच ओळखता आलं नाही तर? नाव तर पुसलेलं आहे.

रेघोटी: तेव्हा माझाच मार्ग उरतो ना! फोटो पलटवायला मी थेट ImageMagick मध्ये हे चालवते:

```
magick in.jpg -flop out.jpg
```

डार्करूम: बरोबर. `-flip` लिहिलंस तर फोटो डोक्यावर उभा राहील आणि शोध पुन्हा कोरडा जाईल. पण शोधात काही आलं नाही म्हणजे फोटो अस्सल, असं मात्र समजू नकोस. कडा कापून थोडा तिरका केला की तुझा पलटलेला शोधही चुकू शकतो. बटण तरीही उजवीकडेच राहतं.

जुनं_बेलो: माझ्या एक्झाक्टाचं सोडून.