क्वेरी आधीच हातात असताना एलसीएसाठी स्पार्स टेबल बांधायचं का?

रानफूल: ५ लाख नोडचं झाड आणि ५ लाख क्वेरी, सगळ्या सुरुवातीलाच मिळतात. मेमरी ६४ एमबी. ऑयलर टूरवर स्पार्स टेबल बांधलं की मर्यादा ओलांडते. मग ऑफलाइनसाठी ही पद्धत सोडून टार्जनच वापरावा का?

सातारकर: हो, सोडून द्या. टार्जनची १९७९ची पद्धत यासाठीच आहे. एक डीएफएस, सोबत डीएसयू, आणि नोडमधून बाहेर पडताना त्याच्या क्वेरी निकालात काढायच्या. स्पार्स टेबल ऑनलाइन क्वेरींसाठी आहे. क्वेरी आधी कळल्याचा त्याला काडीचाही फायदा नाही.

पिंपळपान: टार्जनबद्दल बरोबर, शेवटचं वाक्य मात्र मला अजिबात मान्य नाही. मेमरी कुठे जाते ते आधी बघा. टूरची लांबी 2n−1, म्हणजे ९,९९,९९९. त्यावर २० ओळी, प्रत्येक आकडा ४ बाइटचा, झाले ८० एमबी. पण कुठल्याही एका क्वेरीला यातली एकच ओळ लागते. तिच्या पट्ट्याची लांबी कळली की k कळतो, 2^k त्या लांबीत मावेल असा सर्वात मोठा, आणि ती फक्त k क्रमांकाची ओळ वाचते. सगळ्या क्वेरी आधीच हातात असतील तर त्या k नुसार वेगळ्या करा, एकच ओळ ठेवा आणि तीच जागच्या जागी वाढवत न्या. ८० एमबीचे ४ एमबी होतात. `L` ही टूरची लांबी, `dep` आणि `node` टूरमधल्या जागेनुसार, सुरुवातीला `t[i] = i`:

```cpp
for (int k = 0; (1 << k) <= L; k++) {
  for (auto &q : bucket[k]) {
    int a = t[q.l], b = t[q.r - (1 << k) + 1];
    ans[q.id] = node[dep[a] <= dep[b] ? a : b];
  }
  for (int i = 0; i + (2 << k) <= L; i++)
    if (dep[t[i + (1 << k)]] < dep[t[i]])
      t[i] = t[i + (1 << k)];
}
```

छोट्या झाडावर करून बघा. मूळ 1, त्याची मुलं 2 आणि 3, आणि 2 ची मुलं 4 आणि 5. टूर येते `1 2 4 2 5 2 1 3 1`, खोली `0 1 2 1 2 1 0 1 0`. क्वेरी (4, 5): पहिल्या भेटीच्या जागा २ आणि ४ (मोजणी शून्यापासून), लांबी ३, म्हणून k = 1. दोन खिडक्या, २–३ आणि ३–४. दोन्हींत सर्वात कमी खोली जागा ३ वर, तिथे नोड 2. हेच उत्तर.

एक जागा जपा. आतला `i` चढत्या क्रमानेच फिरला पाहिजे. उलटा फिरवलात तर `t[i + (1 << k)]` आधीच वाढलेला असतो आणि खिडकी थेट टोकापर्यंत पसरते. याच झाडात (4, 5) चं उत्तर मग 2 ऐवजी 1 येईल. उत्तरं खऱ्यापेक्षा मुळाकडे सरकलेली दिसली की आधी हा लूप तपासा.

मधली आळी: माझा अनुभव वेगळा आहे. २ लाख नोडची सरळ साखळी आली आणि प्रोग्राम कोसळला. छोट्या झाडांवर सगळी उत्तरं बरोबर होती. मी दोन दिवस टेबलातच चूक शोधत बसले, म्हणून मला ही पद्धतच बेभरवशाची वाटते.

पिंपळपान: ताई, तो दोष टेबलाचा नाही, रिकर्सिव्ह डीएफएसचा आहे. साखळीत २ लाख कॉल एकावर एक चढतात आणि स्टॅक संपतो. टार्जनमध्येही नेमकं हेच झालं असतं. डीएफएस स्वतःच्या स्टॅकवर लिहा, दोन्हीकडे सुटेल.

नवखा: मधेच झाडाला नवीन फांदी जोडली तर टेबल कसं बदलायचं?

मधली आळी: इथे झाड बदलतच नाही रे. बदलत असेल तर इथलं काहीच चालणार नाही.

सातारकर: ओळीची युक्ती मला माहीत नव्हती, माझं ते वाक्य मागे घेतो. पण मग मुळात पूर्ण टूर तरी कशाला? नोड फक्त डीएफएसच्या प्रवेशक्रमाने मांडा, ५ लाख जागा. `in[u] < in[v]` असेल तर `in[u]+1` ते `in[v]` मधला सर्वात कमी खोलीचा नोड घ्या, त्याचा पालक म्हणजे एलसीए. १९ ओळींचं पूर्ण टेबलही ३८ एमबीत बसतं, क्वेरी वेगळ्या करायची गरजच नाही.

पिंपळपान: `u == v` आधीच वेगळं काढा, नाहीतर पट्टा रिकामा निघतो. पण ३८ मध्ये झाडाच्या कडा, क्वेरी आणि उत्तरं मिळवलीत की ६४ जवळ येतं. मी तरी तुमच्याच मांडणीवर एकच ओळ ठेवीन, २ एमबीत काम होतं.

सातारकर: आणि मी टार्जन. कोड निम्मा होतो.

रानफूल: प्रवेशक्रम आणि एकच ओळ असं लिहून बघितलं, मेमरीत बसलं. टार्जनही लिहिते. साखळीवर आणि पसरट झाडावर दोन्हींचा वेळ मोजून इथेच टाकते.