रात्रीच्या पिवळ्या पडद्याने तुमचं काम बिघडवलंय का? (अनुभव धागा)

रावपुऱ्याची मिनू
काल रात्री लेक लॅपटॉपवर कॉलेजच्या पोस्टरचे रंग भरत बसली होती, पडदा पिवळाधमक. मी दारातूनच ओरडले, "आधी ते नाइट लाइट घालव!" ती म्हणाली, "कुठेय पिवळं? पांढराच तर आहे." तेवढ्यावरून माझं उत्तरायणाचं चित्र आठवलं.

मुलांच्या पुस्तकाचं काम होतं, डिसेंबर महिना. गच्ची, मागे चुन्याची भिंत, फिरकी धरून बसलेली आजी. आपल्याकडे बडोद्यात तेव्हा सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि माझं नाइट लाइट सूर्यास्ताला आपोआप लागणाऱ्यातलं. ते हळूहळू चढतं, त्यामुळे काही बदललंय असं वाटतच नाही. मला भिंत सारखी मळकट दिसायची, म्हणून मी निळं वाढवत गेले. भिंतीचा रंग ठरला होता 242, 238, 228, म्हणजे किंचित उबदार पांढरा. रात्री एक वाजता तो होता 226, 234, 250.

सकाळी नऊला फाइल उघडली तर आजी थंडीने काकडल्यासारखी! लॅपटॉप बिघडला म्हणून दोनदा रीस्टार्ट केला. मग आकडे बघितले आणि डोक्यावर हात मारला.

वर एकच रंगदुरुस्तीचा लेयर टाकून सात पानं सुटतील असं वाटलं होतं. नाही सुटली. पहिलं पान साडेपाचला केलेलं, ते ठीक. पुढची सहा प्रत्येकी वेगळ्या अंदाजाने निळी केलेली. दोन दिवस गेले.

तुम्ही कधी बंद करता? घड्याळ बघून की काम बघून? लिहा.

घडियाळी पोळ
आमच्याकडे झिरोचा बल्ब रात्रभर चालू असतो, धाकटा अंधाराला घाबरतो. रंग वगैरे काही बिघडले नाहीत 🙂

रावपुऱ्याची मिनू
अहो, तो बल्ब नाही, स्क्रीनवरचं 😄

घडियाळी पोळ
अच्छा! मग आमचा प्रश्नच नाही, आमचा कॉम्प्युटर मुलाने बंगळूरला नेला.

पिक्सेलपंत
उगाच घाबरवू नका. नाइट लाइट फाइलला हातही लावत नाही, फक्त पडद्याकडे जाताना निळं कमी करतं. स्क्रीनशॉट काढून बघा, त्यात पिवळं येतच नाही. फाइल सेफ असते.

हळदीवाला कलरिस्ट
पंत, फाइल सेफ, पण फाइलमध्ये रंग भरणारा माणूस सेफ नाही ना! आयड्रॉपर खरा आकडा देतो, स्क्रीनशॉट खरा असतो, फसतो तो डोळा. मिनूताईंच्या फाइलमध्ये 250 निळं कोणी घातलं? त्यांनीच.

माझा किस्सा. लग्नाचा हायलाइट व्हिडिओ, हळदीचा सीन, डिलिव्हरी सकाळी. रात्री लॅपटॉपवरच ग्रेडिंग, दुसरा मॉनिटर नाही. सगळे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसायला लागले. म्हटलं, हळदीचं प्रतिबिंब असेल, आणि मिडटोनमधलं पिवळं काढत गेलो. व्हेक्टरस्कोप समोरच उघडा होता. त्वचेचा पट्टा लाल आणि पिवळ्याच्या मधल्या रेषेवर हवा, माझा लालकडे झुकून मध्याशी आखडला होता. स्कोप चित्राचा डेटा वाचतो, पडद्यावरचा पिवळेपणा त्याला माहीतच नसतो. तो खरं सांगत होता, मी ऐकलं नाही. सकाळी नवरीच्या आईचा फोन: "हळद लावली होती की चंदन?"

तेव्हापासून घड्याळ नाही, काम बघतो. क्लिप निवडणं, कापणं, आवाज, बिलं, हे सगळं खुशाल पिवळ्यात. कलरचं पान उघडायच्या आधी बंद. विंडोजवर ग्रेडिंगसाठी वेगळा यूजरच केलाय, त्यात नाइट लाइट कधी लावलंच नाही. ते सेटिंग प्रत्येक यूजरचं वेगळं राहतं.

सुरसागरकाठी
बंद केल्यावर लगेच रंगाला हात लावायचा नाही!! पडदा एकदम निळा दिसतो आणि आपण उलटी चूक करतो. मी पंधरा मिनिटं थांबते. तेवढ्यात कुकर लावून होतो.

हळदीवाला कलरिस्ट
पंधरा जरा जास्तच होतात. डोळा बराचसा पहिल्या एक-दोन मिनिटांतच सावरतो. पण खोलीत पिवळा बल्ब असेल तर कुकर दोनदा लावा, फरक पडणार नाही. माझ्या मॉनिटरमागे 6500 केल्विनची पट्टी आहे, भिंत राखाडी.

सुरसागरकाठी
मला एक-दोन मिनिटांत नाही जमत. पाच मिनिटांनी केलेलं काम सकाळी बदलावं लागलंय. वयाचा फरक असेल, काय माहीत.

मांजलपूरकर अमोल
माझं सगळं बंद होतं तरी पिवळं. विंडोज पुन्हा टाकलं, ग्राफिक कार्डवाल्याशी भांडलो. शेवटी कळलं की मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूमध्ये रीडिंग मोड चालू होता. खालचं बटण पुतण्याने दाबलेलं. विंडोजला त्याचा पत्ताच नसतो.

पिक्सेलपंत
ओळखायची खूण सांगतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर नाइट लाइट लागलं की सगळं पिवळं व्हायचं आणि माउसचा बाण तेवढा पांढराशुभ्र राहायचा. सगळ्या मशीनवर होत नाही. आणि कॅलिब्रेशन केलेलं असेल तर नाइट लाइट असलं तरी चालतं.

हळदीवाला कलरिस्ट
नाही चालत हो. नाइट लाइट त्या कॅलिब्रेशनच्या वर बसतं, काही मशीनवर ते पुसूनही टाकतं. माझ्या मित्राने संध्याकाळी प्रोब लावला आणि मोजणी चालू असताना सूर्यास्त झाला. प्रोबने पिवळा पडदा मोजला, सॉफ्टवेअरने तो सरळ केला, आणि सकाळी सगळं निळं. दोन आठवडे त्याच प्रोफाइलवर काम केलं पठ्ठ्याने.

पिक्सेलपंत
बरं, हे माहीत नव्हतं.

दांडियाबाजारची सून
माझं उलटंच. गणेश मंडळाचं बॅनर मी भर दुपारी केलं, सगळं बंद. मंडळाच्या काकांनी रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर बघितलं. "पितांबर मातकट झालंय, जरा उजळ करा." केलं. परत मातकट. तिसऱ्यांदा त्यांच्या घरी गेले, तर त्यांच्या फोनवर ते डोळ्यांना आराम देणारं काहीतरी चालू. बंद केल्यावर काका म्हणाले, "हं, आता कसं जमलं!" मी पहिलीच फाइल दाखवत होते.

आता मेसेजमध्येच लिहिते: सकाळी उजेडात बघा.

रावपुऱ्याची मिनू
😂😂 काकांना नमस्कार सांग. आयपॅडवालं कोणी आहे का? लेकीला घ्यायचाय.

सुरसागरकाठी
मी वापरते. त्यात नाइट शिफ्टसोबत ट्रू टोनही बंद करायचं. ते खोलीतला उजेड बघून पांढरा बदलतं, अगदी दुपारीसुद्धा. मी खिडकीतून उठून स्वयंपाकघरात बसले की तोच कागद वेगळा दिसायचा.

घडियाळी पोळ
पण डोळ्यांचं काय? झोपेचं? सगळे बंद करा म्हणताय.

हळदीवाला कलरिस्ट
काका, मी रंगाचे निर्णय रात्री दहानंतर घेणंच सोडलंय. दहानंतर पिवळं लावा, ब्राइटनेस खाली आणा, कापाकापी करा. डिलिव्हरी डोक्यावर असेल त्या रात्री मात्र झोपही जाते आणि डोळेही.

रावपुऱ्याची मिनू
मी आपोआपचं काढूनच टाकलंय. आता हाताने लावते, रेषाकाम असेल तेव्हा. गंमत म्हणजे लावायचं विसरते, म्हणून हल्ली डोकं दुखतं. लेकीने अजून बंद केलेलं नाही, म्हणते पोस्टर तिला असंच आवडलंय.

मांजलपूरकर अमोल
बंद करून दाखवा, मग बघा आवडतंय का. बाकी ताई, ती आजी शेवटी छापली कशी?

रावपुऱ्याची मिनू
छान छापली. फिरकीचा दोरा मात्र अजून निळसरच आहे, तो राहूनच गेला.

दांडियाबाजारची सून
दोऱ्यावरून आठवलं, मांजा सुतवायला कोण चाललंय यंदा? येताना सेव उसळ खाऊ.

घडियाळी पोळ
मी येतो. सेव उसळ तिखट हवी पण.