धोका कळतो, पण मित्र बघत असतात

>> "या वयात धोका कळतच नाही, म्हणून पोरं गाडी सुसाट हाणतात."

कळतो हो, चांगला कळतो. २०११ साली टेम्पल विद्यापीठातल्या चाइन, स्टाइनबर्ग वगैरेंनी मुलांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं, म्हणजे वेळ जाणार, किंवा दामटायचं आणि धडकेचा धोका पत्करायचा. एकटे असताना १४ ते १८ वर्षांची मुलं मोठ्यांइतकीच जपून खेळली. मग शेजारच्या खोलीतून मित्र पडद्यावर बघताहेत, एवढंच सांगितलं. मुलांचं सिग्नल तोडणं आणि धडका दोन्ही वाढलं. मोठ्यांमध्ये तसा फरक पडला नाही. मुलांच्या मेंदूत बक्षिसाला प्रतिसाद देणारा भाग, व्हेंट्रल स्ट्रायटम, मित्र बघत असताना जास्त पेटत होता. आवर घालणाऱ्या भागांवर मात्र मित्रांच्या असण्यानसण्याचा तसा परिणाम दिसला नाही.

प्रयोग लहान होता, जेमतेम ४० जणांचा, आणि खेळ म्हणजे रस्ता नव्हे. तरी आमच्या घरी त्यावरून एकच नियम केला: लायसन्स मिळाल्यावर पहिलं वर्ष मागे मित्र बसवायचा नाही. (आई चालेल. आईसमोर कोण शायनिंग मारतो?)