आत्याचा फोन आईकडे वळला की काय करावं? मदत हवी आहे

वय ३४, लग्न केलेलं नाही, सध्या करायचंही नाही. लांबच्या नातेवाइकांचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलाय. कारणं देणं बंद केलं. "कामाचा व्याप आहे" म्हटलं की "मग सुट्टीत बघू", "मनासारखं कुणी नाही" म्हटलं की लगेच बायोडेटा हजर. आता एकच वाक्य, प्रत्येक वेळी तेच, हसून: "काकू, ठरलं की तुम्हाला नक्की कळवेन." आणि लगेच त्यांच्या गुडघ्यांची चौकशी. गुडघ्यांचा विषय निघाला की माझं लग्न मागे पडतं!

अडलंय ते आत्यापाशी. माझ्याकडून काही हाती लागत नाही म्हटल्यावर ती आईला फोन करते. "तूच लाडावून ठेवलंयस" वगैरे. आई माझ्याशी काही बोलत नाही, पण त्या रात्री जेवत नाही. मला राग येतो तो याचा.

आत्याने लहानपणी माझं खूप केलंय, तिला तोडून बोलायचं नाही. मी स्वतःच फोन करून असं म्हणायचं ठरवतोय: "आत्या, काळजी वाटली तर मला बोल, मी ऐकेन. आईला मात्र यात नको ओढूस." हे एकटीला सांगावं की बाबांसमोर? बाबा तिचे धाकटे भाऊ, तिच्यापुढे गप्प बसतात. आणि तरीही तिने आईला फोन केलाच, तर आईने नेमकं काय म्हणावं? वाद न वाढवता फोन ठेवता येईल असं एखादं वाक्य कुणाच्या घरात चाललंय का?