शततमक म्हणजे गुण की जागा?

मंजिरी
अकरावीच्या मुलांसाठी संख्याशास्त्राचा सरावसंच मराठीत करते आहे. संचित वारंवारता वक्रापर्यंत नीट आले आणि पर्सेंटाइलपाशी अडले. जुन्या पुस्तकांत शततमक दिसतो, अर्थशास्त्राच्या पुस्तकात शतमक. कोणता घ्यावा, हा पहिला प्रश्न.

दुसरा जास्त छळतो आहे. एका उदाहरणाच्या उत्तरात मी लिहिलं, "९० वा शततमक ६३ गुण." वर्गात मुलगी म्हणाली, "मॅडम, असं कसं? मला ५५ गुण आहेत, माझा शततमक ७९ आहे. मग ९० वाल्याचा शततमक ६३ कसा?" तिची चूक मला शब्दांत धरता आली नाही. आकडेवारी देते. ८० गुणांची चाचणी, ८० मुलं.

गुण ० ते १०: ३ मुलं
१० ते २०: ५
२० ते ३०: १०
३० ते ४०: १८
४० ते ५०: २०
५० ते ६०: १४
६० ते ७०: ७
७० ते ८०: ३

अनुराधा
पहिल्याचं सांगते. संस्कृतात शंभरावा म्हणजे शततम. चतुर्थ वरून चतुर्थक, दशम वरून दशमक, तसा शततम वरून शततमक. शतमक हा दशमकाच्या चालीवर आलेला दिसतो. बोलायला सोपा आहे, पण 'शतम' असा क्रमवाचक शब्द नाही. मी शततमकच घेईन. मात्र मुलांच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात दुसरा शब्द असेल, तर दोन्ही एकच आहेत हे संचात एकदा सांगून टाका.

जाता जाता एक. त्रिकोणाची ती मध्यगा आणि आकडेवारीचा तो मध्यक. इंग्रजीत दोघांना एकच शब्द पुरतो, आपल्याकडे ते वेगळे राहिले आहेत. ते वेगळेच राहू द्या. भाषांतरांत मध्यकाच्या जागी मध्यगा वाचून मला दर वेळी खडा लागतो.

प्रथमेश
यात अडण्यासारखं काय आहे? पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे शेकडा किती जण आहेत ते. जेईई देणाऱ्या कुणालाही विचारा. ती मुलगी बरोबर आहे. ६३ हे गुण आहेत, पर्सेंटाइल नव्हे. आणि मध्यक तर सरळ आहे, ८० चे निम्मे ४०.

विनायक सर
प्रथमेश, तुमचं पहिलं वाक्य एका अर्थाने बरोबर आहे. मध्यक मात्र ४० नाही. तो कुठे बिनसला ते पाहिलं की मंजिरीताईंच्या विद्यार्थिनीचंही कोडं सुटतं, म्हणून सावकाश सांगतो.

आधी बेरजा करत जाऊ. १० पेक्षा कमी गुणांची ३ मुलं, २० पेक्षा कमी ८, ३० पेक्षा कमी १८, ४० पेक्षा कमी ३६, ५० पेक्षा कमी ५६, ६० पेक्षा कमी ७०, ७० पेक्षा कमी ७७ आणि शेवटी सगळी ८०. या वक्राचा प्राण 'पेक्षा कमी' या दोन शब्दांत आहे. ३६ हा आकडा ३० ते ४० या वर्गाचा नाही, तो ४० या हद्दीचा आहे. म्हणून बिंदू ४० च्या वर मांडायचा, ३५ च्या वर नाही.

आता आडव्या अक्षावर गुण, उभ्या अक्षावर मुलांची संख्या. मध्यकासाठी उभ्या अक्षावर ४० ला उभे राहा. ही ४० मुलं आहेत, गुण नाहीत. तिथून आडवे वक्रापर्यंत जा, वक्र भेटला की सरळ खाली उतरा. पाय टेकतात ४२ वर. मध्यक ४२ गुण. प्रथमेश निघाले तिथेच थांबले. या उदाहरणात मुलंही ८० आणि गुणही ८०, त्यामुळे चूक झाकली गेली. मुलं २०० असती तर निम्मे १०० आले असते, आणि ८० गुणांच्या चाचणीत मध्यक १०० कसा, म्हणून कुणीही दचकलं असतं. ताई, संचात मुलांची संख्या बदला.

९० व्या शततमकासाठी तसंच. ८० चे ९० टक्के म्हणजे ७२ मुलं. ७२ पासून आडवे जा, खाली उतरा, ६३ च्या जवळ याल. सूत्राने ६२.८६ येतं, पण आलेखावरून वाचताना ६३ च लिहावं. आलेखकागदावर एक मिलिमीटरला एक गुण अशी मोजपट्टी असताना दशांशाची दोन स्थळं वाचता येत नाहीत. ती उत्तरात दिसली, तर उत्तर वक्रावरून आलेलं नाही एवढं नक्की.

आणि ती विद्यार्थिनी उलट दिशेने चालली आहे. तिने ५५ गुणांपासून सुरुवात केली, वर गेली, वक्रावरून डावीकडे वळली, तर ६३ मुलं आली. ८० पैकी ६३ म्हणजे जवळपास ७९ टक्के. वाचन अचूक आहे. तिला मिळाली ती जागा, तुम्ही लिहिले ते गुण. वक्र एकच, चालण्याच्या दिशा दोन, आणि दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. (दोन्ही वाचनांत ६३ आले हाही योगायोगच. तुमचे ६३ गुण, तिची ६३ मुलं.)

मंजिरी
सर, फार बरं वाटलं. मग हे दोन शब्दांत वेगळं कसं करायचं?

विनायक सर
मी वर्गात 'शततमक' हा गुणांसाठी ठेवत असे आणि जागेसाठी 'शततमक क्रम' म्हणत असे. "९० वा शततमक ६३ गुण" आणि "५५ गुणांचा शततमक क्रम ७९". एककावरून ओळखता येतं. शततमकाला मूळ मापाचं एकक असतं, गुण, किलो, रुपये. क्रमाला एकक नसतं.

स्नेहल
मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा एक वर्षाचा झाला, वजन ८.६ किलो. दवाखान्यात तक्त्यावर बोट ठेवून सांगितलं, "पंधरावा पर्सेंटाइल." सासूबाईंनी तेव्हापासून धसका घेतलाय, शंभरात पंधराच म्हणजे नापासच की. वर वाचून वाटतंय, हे तेच आहे का?

विनायक सर
स्नेहलताई, तेच आहे, आणि नापास अजिबात नाही. तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, २००६ चा असणार. एक वर्षाच्या मुलग्यांसाठी त्यातला तिसरा शततमक ७.८ किलो, पंधरावा ८.६, पन्नासावा ९.६, पंच्याऐंशीवा १०.८ आणि सत्त्याण्णवावा ११.८ किलो आहे. म्हणजे त्या वयाच्या शंभर निरोगी मुलग्यांत साधारण पंधरा जण तुमच्या बाळापेक्षा हलके असतील. संदर्भासाठी मोजलेली मुलं सहा देशांतली होती, त्यांत दिल्लीतलीही होती. शंभर मुलं ओळीत उभी केली की कुणीतरी पंधराव्या जागी उभं राहणारच. सासूबाईंना सांगा, हे गुण नाहीत, रांगेतली जागा आहे. मागच्या महिन्यांत बाळ कोणत्या रेघेजवळ होतं आणि आता खाली घसरतंय का, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. एका बिंदूवरून ते कळत नाही.

मंजिरीताई, हे उदाहरण तुमच्या कामाचं आहे. त्या तक्त्यावरच्या वाकड्या रेघा म्हणजे आपला वक्र नव्हे, तिथे आडव्या अक्षावर वय असतं. पण एक वर्षाच्या ठिकाणी तक्ता उभा कापला आणि वर दिलेले पाच आकडे आडव्या अक्षावर वजन, उभ्यावर टक्के असे मांडले, की आपला संचित वक्र मिळतो. मधे चढ तीव्र, दोन्ही टोकांना सौम्य. जिथे चढ तीव्र तिथे मुलं दाटीने असतात. म्हणून मधे एका किलोने जागा पस्तीसने बदलते, ८.६ ला १५ आणि ९.६ ला ५०. वरच्या टोकाला १०.८ वरून ११.८ वर गेलं तरी जेमतेम बाराने.

स्नेहल
धन्यवाद सर. सासूबाईंना वाचून दाखवलं. "रांगेतली जागा" हे त्यांना पटलं.

प्रथमेश
४० वाली चूक मान्य. पण जागेच्या बाबतीत मला अजून खटकतं. जेईई मेनच्या निकालात पहिल्या आलेल्याला १०० मिळतात. सर, तुमच्या 'पेक्षा कमी' ने तर कुणालाच १०० मिळणार नाहीत, तो स्वतःपेक्षा कमी कसा असेल?

विनायक सर
हा नेमका प्रश्न आहे. तिथे व्याख्याच वेगळी आहे. त्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण असलेले किती, हे मोजून एकूण उमेदवारांनी भागतात आणि १०० ने गुणतात. 'तितके किंवा कमी' म्हटल्यावर पहिला आलेला स्वतःही मोजला जातो, म्हणून १००. लाखो उमेदवारांत एका माणसाचा फरक दिसत नाही. ८० च्या वर्गात तो सव्वा टक्का होतो.

अनुराधा
म्हणजे तुम्ही आधी म्हणालात तसं, प्राण 'पेक्षा कमी' मध्येच आहे. बोलीत आपण 'चाळीसच्या आत' म्हणतो, त्यात चाळीस धरले की नाही हे कुणीच विचारत नाही. संचात तरी 'च्या आत' टाळावं.

मंजिरी
टाळते. आता माझ्याच वर्गातलं एक. दोन मुलींचा मध्यक ३७ आला आणि दोघींचे वक्र सुबक होते. सर म्हणाले त्यावरून कळलं, त्यांनी बिंदू वर्गाच्या मध्यावर मांडले होते, ५, १५, २५ असे. सगळा वक्र पाच गुणांनी डावीकडे सरकला. ४२ चे ३७.

विनायक सर
ओळखायची सोपी खूण आहे. वक्राचं वरचं टोक बघा. त्यांचा वक्र ७५ वर संपला असेल, म्हणजे सगळ्यांना ७५ पेक्षा कमी गुण. पण ७० ते ८० मधल्या तिघांपैकी कुणाला ७८ असतील तर? टोक शेवटच्या वर्गाच्या वरच्या हद्दीवरच हवं.

आणखी एक, जे वक्र सांगू शकत नाही. उत्तीर्णतेची रेघ ३५ टक्के, म्हणजे इथे २८ गुण. वक्रावर २८ ला वाचलं तर साधारण १६ मुलं त्याखाली दिसतील, कारण २० ते ३० मधली दहा मुलं समान अंतरावर पसरली आहेत असं आपण रेघ ओढताना गृहीत धरतो. पण तपासणाऱ्याने काठावरच्यांना वर ओढलं असेल, तर दहापैकी आठ जण २८ आणि २९ वरच साचलेले असू शकतात. मग २८ पेक्षा कमी फक्त १० मुलं. हद्दींवरचे आकडे, १८, ३६, ५६, खरे मोजलेले आहेत. मधलं सगळं अंदाजाचं. नापास किती, हे वक्रावरून विचारणारा प्रश्न संचात नको. त्यासाठी मूळ गुणपत्रकच उघडावं.

प्रथमेश
पण सर, मध्यकही ४० आणि ५० च्या मधेच पडतो. मग ४२ सुद्धा अंदाजच?

विनायक सर
हो. ४० ते ५० च्या दरम्यान आहे एवढं पक्कं, ४२ हा त्यातला समंजस अंदाज.

अनुराधा
सर, 'शततमक क्रम' वर माझा एक आक्षेप आहे. निकालात क्रम लहान असेल तेवढा चांगला, पहिला क्रम सगळ्यांत वरचा. इथे मोठा तेवढा वरचा. मुलांचा पुन्हा गोंधळ होईल. 'शेकडा स्थान' कसं वाटतं?

विनायक सर
आक्षेप खरा आहे. 'शेकडा स्थान' ऐकायला चांगलं आहे, पण 'शेकडा' म्हटलं की टक्केवारी आठवते, आणि ७९ टक्के गुण असा अर्थ कुणी घेतला तर आपण परत पहिल्या जागी. मला अजून पटलेलं नाही.

मंजिरी
तूर्त 'शततमक स्थान' लिहिते आणि प्रत्येक उत्तरापुढे एकक सक्तीचं करते. सोमवारी त्याच मुलीला दोन्ही प्रश्न देईन, ५५ वरून वर जा आणि ९० टक्क्यांवरून खाली ये. काय लिहिते ते इथे टाकते.