वड्याचं तेल वांग्यावर: मांजराने काढलेलं

गॅलरीतली
काल रात्री खाली दोन बोके भांडायला लागले आणि माझा उजवा हात आपोआप पदराखाली गेला. सहा वर्षं झाली, सवय जात नाही.

तेव्हा चिंगी होती. सकाळची वेळ, गॅसवर दूध. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून बाहेर बघत होती, घशातून बारीक घरघर चालू. मला वाटलं कबुतर असेल. "काय गं, काय झालं" म्हणत पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या क्षणी मनगट तिच्या तोंडात. मागच्या पायांनी कोपरापर्यंत ओरबाडलं. माझी मांडीवर झोपणारी चिंगी! ओरडत खिडकीकडे बघितलं तर भिंतीवर एक पिवळा बोका आरामात पंजे चाटत बसलेला.
तुमच्याकडे झालंय का असं?

खारीबिस्कीट
दुधाचं काय झालं?

गॅलरीतली
उतू गेलं. नवरा आधी गॅस बंद करायला धावला, मग माझ्याकडे. हे मी अजून ऐकवते.

नाना
मांजर डूख धरतं. आदल्या दिवशी तुम्ही रागावला असाल. आमच्याकडे असं केलं की तोंडावर पाणी मारायचो, ताळ्यावर यायचं.

मनीमावशी
नाना, डूख नाही हो. बोक्यापर्यंत पोचता येत नाही, मध्ये काच. अंगात भरलेला ताव जे पहिलं हलेल त्याच्यावर निघतो. पाणी मारलं तर तो आणखी चढतो. हातही लावायचा नाही, नजर रोखायची नाही. उशी किंवा पुठ्ठा मध्ये धरून हळू मागे सरायचं, दार लावायचं. बाहुल्या मोठ्या काळ्याभोर, कान चपटे, शेपूट आपटतेय, की समजायचं आत्ता ती आपली नाही. आणि हे पाच मिनिटांत उतरेल असं धरू नका. कधी तासन् तास लागतात, एखादीला दोन दिवसही.

शिरा_विथ_केळं
आमचे साहेब पण असेच, वरून फोन आला की फाइल माझ्यावर 😂

मृदगंध
आमच्याकडे बळी गेला तो दुसऱ्या मांजराचा. सख्ख्या बहिणी, चार वर्षं एका टोपलीत झोपायच्या. बाहेर बोका ओरडला, मोठी फुगली, तेवढ्यात धाकटी शेजारून गेली. झालं. नंतर धाकटी नुसती दिसली तरी मोठी फिस्कारायची, धाकटी कपाटावरून उतरेना. आम्ही शहाण्यासारखं संध्याकाळी "मिटवून टाकू" म्हणून समोरासमोर बसवलं. पुन्हा तेच, अजून जोरात.

मग वेगळ्या खोल्या. मोठीला अंधाऱ्या खोलीत पाणी, खाणं, शी-शूचा ट्रे. तिसऱ्या दिवसापासून बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या, आधी लांब, मग रोज थोड्या जवळ. एकीचं फडकं दुसरीकडे. दाराशी गुरगुर न करता खायला लागल्या तेव्हा दार चार बोटं उघडलं. एकदा घाई केली, दोन पावलं मागे. एकूण तीन आठवडे. आता एका खोलीत झोपतात, पण टोपली एक नाही ती नाहीच.

खारीबिस्कीट
वाईट वाटलं वाचून 😟

टेकडीवरचा
आमच्यात एक डॉक्टरकडून आली की दुसरी फिस्कारते. तेच ना हे?

मनीमावशी
ते बहुतेक दवाखान्याच्या वासामुळे, ओळख पटत नाही. दिसायला सारखं, पण तिथे बाहेर कोणी शत्रू नसतो. वेगळं ठेवणं मात्र दोन्हीकडे चालतं.
@गॅलरीतली, हात दाखवलात ना तेव्हा?

गॅलरीतली
हो, पण उशिरा. छिद्रं इवलीशी, हळद लावून पोळ्या लाटल्या. संध्याकाळपर्यंत मनगट टम्म, बोटं मिटेनात. डॉक्टर ओरडले: मांजराचा दात सुईसारखा, वरून भोक मिटतं आणि घाण आत राहते, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायला हवं होतं. गोळ्या, शिवाय रेबीजची इंजेक्शनं. चिंगीचं लसीकरण झालेलं होतं तरी.

नाना
आम्ही चुना लावायचो.

मनीमावशी
नाना!! 🙏

पाऊलवाट
बोक्याचं काय केलंत पण? आमचा रोज संध्याकाळी हजर.

गॅलरीतली
खिडकीच्या खालच्या निम्म्या काचेला दुधी कागद चिकटवला. खालच्या काकू भिंतीपाशी माशांची डोकी टाकायच्या, त्यांना विनवून ती जागा मागच्या बाजूला नेली. मग बोक्याची नसबंदी करून घेतली. पकडायला तीन रात्री गेल्या. ओरडणं, भिंतीवर फवारणं खूप कमी झालं.

पाऊलवाट
कागद लावला होता, आमचीने फाडला. आता ती वास घेऊनच फुगते. काही सुचतंय का कुणाला?

शिरा_विथ_केळं
माशांची डोकी कुठे मिळतात, म्हणजे फुकट? आमच्याकडे कोळीण त्याचेही पैसे लावते.