गच्चीवरचा सोलर: पैसे निम्मे-निम्मे, मग बचत कुणाची?

तळमजला_नाशिक: मालक काका वर राहतात, आम्ही खाली. मीटर दोन, दोन्ही त्यांच्याच नावावर. त्यांचा वापर महिन्याला ९० युनिट, आमचा एसीमुळे २६०. दोन किलोवॅटचा सोलर बसवू, १ लाख ३० हजारांचे निम्मे तुम्ही द्या, म्हणतात. देऊ का? घर सोडलं तर काय?

गच्चीवाला: आमच्याकडे सगळे भाडेकरू सोलरच वापरतात, कधी भांडण नाही. फक्त पावसाळ्यात पाणी कोमट येतं.

तळमजला_नाशिक: ते हीटरचं झालं हो. मी विजेबद्दल विचारतोय.

मीटरमामा: आधी विचारा, नेट मीटर कोणत्या मजल्याला लागणार? दोन किलोवॅटचे महिन्याला साधारण २४० युनिट होतात. काकांच्या मीटरला जोडलं तर त्यांचं बिल स्थिर आकारापुरतं उरेल आणि दीडशे युनिट जमा होत राहतील. मार्चअखेर त्या शिलकीला किरकोळ दर मिळतो. तुमचं बिल मात्र जसंच्या तसं! खालच्या मीटरला जोडा, म्हणजे वरच्या स्लॅबचे महागडे युनिट वाचतील.

दुसरं, निम्मे कशाचे? पीएम सूर्यघरमध्ये दोन किलोवॅटला ६० हजार सबसिडी आहे आणि ती जोडणी ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात येते. म्हणजे खर्च ७० हजार, तुमचा वाटा ३५. आत्ता ६५ दिलेत तर काकांच्या खिशातून जवळपास काहीच जात नाही.

पुणेरी_पगडी: सोपं आहे. पैसे दिलेत ना, जाताना निम्मी पॅनेलं उचलून न्या.

मीटरमामा: आणि नव्या घरी बसवणार कुठे? मंजुरी त्या छताची, त्या जोडणीची. वर स्टँडचे बोल्ट उपटले की वॉटरप्रूफिंगची वाट. मालकी काकांचीच ठेवा, तुमच्या पैशाची घसरण लिहून घ्या. ३५ हजार पाच वर्षांत फिटले असं धरा, वर्षाला सात. दोन वर्षांनी निघालात तर २१ परत. हे लिव्ह अँड लायसन्समध्येच घाला आणि रजिस्टर करा. करार अकरा महिन्यांचा, म्हणून दर नूतनीकरणात ते कलम पुन्हा आलंच पाहिजे.

घरमालकीण_सातारा: वा! इन्व्हर्टर जळला तर धावपळ मालकाची, पॅनेल धुणार मालक, आणि हा निघाला की २१ हजार मोजायचे? मी तर एक पैसा घेत नाही. सोलर माझा, बिल कमी येतं म्हणून भाडं हजाराने जास्त. पटलं तर राहा.

मीटरमामा: ताई, हिशेब म्हणून तुमचंच चोख. पण पैसे घेतले की परतफेडही आली. आणि जमा युनिट मीटरलाच राहतात. हे मे अखेरीस गेले तर उन्हाळ्यातली शिल्लक पावसाळ्यात पुढचा भाडेकरू खाणार.

तळमजला_नाशिक: बोललो. खालच्या मीटरला तयार झाले. पण घसरण तीनच वर्षं म्हणतात.

घरमालकीण_सातारा: मग तीन वर्षं भाडं वाढवणार नाही, हेही लिहून घ्या. तेवढं तरी मागा.